‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो तेव्हा: एका बग-रिपोर्टची चिकित्सा

मागच्या काही पोस्टमध्ये आपण शोधनिबंधांचं परीक्षण कसं करायचं ते बघितलं. आज परीक्षणाला एक ईमेल घेतेय. वेबसाइटमधला दोष डेव्हलपरला कळवणारा, एका पानाचा साधा ईमेल. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल तर म्हणाल, यात संशोधन कुठे आलं? थोडं थांबा. या एका पानात निरीक्षण आहे, नियंत्रित प्रयोग आहे, गृहीतक आहे, आणि नैतिकतेची एक चूकही आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. माझा एक ज्युनिअर भामरागड तालुक्यात रानभाज्या आणि गौण वनोपज यांच्या नोंदी करतो. दिवसभर वहीत लिहायचं, आणि संध्याकाळी लॅपटॉपवरून किंवा फोनवरून एका सामायिक वेबसाइटवर भरायचं, अशी पद्धत. वेबसाइटचं नाव महत्त्वाचं नाही. ती सांभाळणारा डेव्हलपर दुसऱ्या राज्यात बसतो आणि त्याला मराठी येत नाही, एवढं लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे नेटवर्क. आतल्या गावांत ते नसतंच, ईमेल तालुक्याच्या ठिकाणी आल्यावर जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा आलापल्लीकडचा रस्ताच बंद पडतो. म्हणजे डेव्हलपरने उलट एक प्रश्न विचारला तरी त्याचं उत्तर द्यायला आठवडा जाऊ शकतो. शहरात अर्धवट ईमेल चालून जातो, कारण पाच मिनिटांत फोन करता येतो. इथे तसं नाही.

दोष असा होता. ज्युनिअरने ‘चारोळी, टेकडीच्या दऱ्यांमध्ये’ असं भरलं की जतन झाल्यावर ‘चारोळी, टेकडीच्या दर्यांमध्ये’ असं दिसायचं. दरीचा समुद्र झाला! गडचिरोलीत समुद्र नाही म्हणून निदान कोणीतरी हसून थांबेल. पण ‘आचाऱ्यांना विचारलं’ याचं ‘आचार्यांना विचारलं’ झालं, तर स्वयंपाक्याच्या जागी गुरुजी येतील आणि वाचणाऱ्याला संशयही येणार नाही.

पहिला ईमेल

त्याने पाठवलेला पहिला ईमेल तीन ओळींचा होता. ‘साइटवर मराठी नीट दिसत नाही. फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. कृपया लवकर दुरुस्त करा.’ सोबत पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट.

डेव्हलपरने काय केलं? स्क्रीनशॉट बघितला, ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याकडून तोच शब्द फोनवर टाइप करून घेतला आणि जतन केला. शब्द बरोबर उमटला. चार दिवसांनी उत्तर आलं: ‘आमच्याकडे बरोबर दिसतंय, तुमच्या मशीनवर फॉन्ट तपासा.’ चिडू नका. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

या ईमेलमध्ये तीन चुका आहेत. पहिली, ‘नीट दिसत नाही’ हे निरीक्षण नाही, तो शेरा आहे. काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, हे दोन्ही त्यात नाही. दुसरी, ‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ हे गृहीतक आहे, पण ते निष्कर्षाच्या थाटात लिहिलंय. डेव्हलपरने त्यावर विश्वास ठेवला आणि तो फॉन्टच्या मागे गेला. तिसरी चूक सगळ्यात सूक्ष्म आहे. त्याने शब्दाचं चित्र पाठवलं, शब्द पाठवला नाही. चित्रातला शब्द दुसऱ्याला पुन्हा टाइप करावा लागतो, आणि या प्रकरणात पुन्हा टाइप करणं म्हणजे पुरावा पुसून टाकणं होतं.

असं का, ते समजण्यासाठी ‘ऱ्या’ संगणकात कसा साठतो ते बघावं लागेल.

एकच अक्षर, दोन साठवणी

संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, तो क्रमांकांची साखळी साठवतो. युनिकोडमध्ये मराठीतला हा अर्धा ‘र’ दोन मान्य पद्धतींनी लिहिता येतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं, मग हलन्त, मग ‘य’. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, आणि मग ‘य’. हा जोडक डोळ्यांना दिसत नाही. त्याचं काम फक्त ‘इथे रफार करू नका, अर्धा र दाखवा’ असं सांगण्याचं. युनिकोडच्या नियमांत ही दुसरी पद्धत जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे. नेपाळीत हा अर्धा ‘र’ सर्रास जोडक वापरूनच लिहिला जातो, आणि मराठीतही दोन्ही पद्धतींचे कीबोर्ड वापरात आहेत.

पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ तंतोतंत सारख्या दिसतात. पण क्रमांक असे आहेत:

```
0926 0931 094D 092F 093E
0926 0930 094D 200D 092F 093E
```

दुसऱ्या ओळीतला 200D हा तो जोडक. तो काढून टाकला तर उरतं काय? द, र, हलन्त, य, काना. म्हणजे शुद्ध ‘दर्या’. पायथॉन असेल तर इंटरनेटशिवाय स्वतः करून बघा:

```python
a = "द\u0931\u094dया"
b = "द\u0930\u094d\u200dया"
print(a, b, a == b)
print(b.replace("\u200d", ""))
```

पहिली ओळ दोन सारखे दिसणारे शब्द छापेल आणि पुढे `False` म्हणेल. दुसरी ओळ ‘दर्या’ छापेल.

आता त्या उत्तराचा उलगडा होतो. सहकाऱ्याच्या फोनमधला कीबोर्ड पहिल्या पद्धतीने लिहीत होता, ज्युनिअरचा लॅपटॉप दुसऱ्या. दोष फक्त दुसऱ्या पद्धतीत उमटत होता. दोघंही खरं बोलत होते.

दुसरा ईमेल

आता दुसरा ईमेल. मूळ इंग्रजीत होता, त्याच्या परवानगीने मराठीत देतेय. ओळखीचे तपशील काढले आहेत.

> विषय: नोंद जतन केल्यावर मजकुरातलं एक अदृश्य अक्षर नाहीसं होतं, शब्दाचा अर्थ बदलतो
>
> नमस्कार,
>
> मागच्या ईमेलमध्ये मी फॉन्टचा दोष म्हणालो होतो. ते चुकीचं होतं.
>
> पायऱ्या:
> 1. लॉगिन करून ‘नवी नोंद’ उघडा.
> 2. सोबतच्या test.txt मधली पहिली ओळ कॉपी करून ‘ठिकाणाचं वर्णन’ या चौकटीत पेस्ट करा. टाइप करू नका.
> 3. ‘जतन करा’ दाबा आणि नोंद पुन्हा उघडा.
>
> अपेक्षित: जो मजकूर पेस्ट केला तोच दिसावा. (अर्थ: दरीचं अनेकवचन)
> प्रत्यक्ष: मधलं एक अक्षर जातं आणि वेगळा शब्द दिसतो. (अर्थ: समुद्र)
>
> दर वेळी होतं, दहापैकी दहा वेळा. test.txt मधली दुसरी ओळ पडद्यावर तशीच दिसते, पण तिच्यात दोष येत नाही.
>
> उपकरण: लॅपटॉप, विंडोज 10, क्रोम. त्याच लॅपटॉपवर फायरफॉक्समध्येही होतं. माझ्या अँड्रॉइड फोनवर टाइप केलं तर होत नाही. पण फोनवर टाइप केलेला शब्द लॅपटॉपवर आणून पेस्ट केला तर लॅपटॉपवरही होत नाही. लॅपटॉपवरचा शब्द फोनवर पेस्ट केला तर फोनवरही होतं.
>
> स्क्रीनशॉट: 1-before.png जतन करण्याआधी, 2-after.png जतन केल्यानंतर. फरकाची जागा लाल चौकटीत.
>
> माझा अंदाज (चूक असू शकतो): जतन करताना U+200D काढून टाकलं जातंय. दोन्ही ओळींचे युनिकोड क्रमांक test.txt च्या खाली दिले आहेत.

काय जमलंय

सगळ्यात भारी भाग ‘उपकरण’ या परिच्छेदातली शेवटची दोन वाक्यं आहेत. बहुतेक जण उपकरणाची यादी देऊन थांबतात: लॅपटॉपवर होतं, फोनवर नाही. पण लॅपटॉप आणि फोन यांत एक नाही, दहा गोष्टी वेगळ्या असतात. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, फॉन्ट, कीबोर्ड, स्क्रीनचा आकार. कारण यापैकी कोणतं? त्याने शब्दांची अदलाबदल केली. फोनचा शब्द लॅपटॉपवर, लॅपटॉपचा फोनवर. दोष उपकरणासोबत राहिला नाही, शब्दासोबत गेला. तुम्ही प्रयोगशाळेत दोन उपकरणांतले नमुने अदलाबदल करून बघता ना, अगदी तेच. दोन वाक्यांत लॅपटॉप, विंडोज आणि क्रोम तिघंही सुटले आणि संशय मजकुरावर येऊन थांबला.

दुसरं, स्क्रीनशॉटचा वापर. आपल्याला वाटतं स्क्रीनशॉट म्हणजे सगळ्यात भक्कम पुरावा. इथे तो एकच गोष्ट सिद्ध करू शकतो: जतन करण्याआधी त्याच पानावर, त्याच फॉन्टमध्ये ‘ऱ्या’ बरोबर दिसत होता. म्हणजे फॉन्ट निर्दोष. एवढंच. मजकुरात जोडक होता की नाही हे कुठलंही चित्र सांगू शकत नाही, कितीही रिझोल्यूशनचं घ्या. म्हणून त्याने चित्रावर भिस्त न ठेवता मूळ शब्द मजकुराच्या फाइलमध्ये जोडला. ईमेलच्या मजकुरातच का टाकला नाही? कारण ईमेल डेव्हलपरपर्यंत जाताना कोणत्या खिडकीतून कॉपी होईल आणि वाटेत कोणी अदृश्य अक्षरं गाळेल का, याची खात्री नव्हती. फाइलसोबत क्रमांक दिल्यामुळे शब्द बिघडला असता तरी तो पुन्हा तयार करता आला असता.

तिसरं, समोरच्याला मराठी येत नाही याची त्याने घेतलेली दखल. त्याच्यासाठी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही दोन सारखीच नक्षी. लाल चौकट आणि कंसातला अर्थ नसता तर त्याला दोष दिसलाच नसता. आपल्या विषयाबाहेरच्या माणसाला निकाल दाखवताना नेमकं कुठे बघायचं ते सांगावं लागतं.

चौथं, ‘अपेक्षित’ची ओळ. ती मोहात पडलेली नाही. त्याला वाटत होतं की साइटने जोडकवाला प्रकार आपोआप नुक्त्याच्या ‘ऱ’मध्ये बदलावा. पण ती अपेक्षा नाही, उपाय आहे. त्याच साइटवर उद्या कोणी नेपाळी मजकूर भरला तर तिथे तो बदल नको असेल. ‘जो मजकूर पेस्ट केला तोच दिसावा’ ही वापरणाऱ्याची अपेक्षा. ती कशी पूर्ण करायची हे डेव्हलपरचं काम. आणि अंदाज दिलाय तो सगळ्यात शेवटी, अंदाज म्हणूनच. निबंधात निकाल आणि चर्चा वेगळ्या ठेवतात, त्याच कारणाने.

सायमन टॅथम यांनी, म्हणजे पुटी हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी, 1999 साली बग-रिपोर्टवर एक लेख लिहिला होता. त्याचं सार हेच आहे की प्रोग्रॅमरला बिघाड त्याच्या डोळ्यांसमोर घडवून दाखवता आला पाहिजे. अदृश्य अक्षरांच्या बाबतीत त्यासाठी साखळीच हातात द्यावी लागते. 2018 च्या फेब्रुवारीत आयफोनवर एका तेलुगू जोडाक्षराने अ‍ॅप बंद पडत होती, आठवतंय? त्या साखळीतही असाच एक शून्य रुंदीचा घटक होता, U+200C. पाच क्रमांकांची ती साखळी कोणीही पेस्ट करून बिघाड घडवून बघू शकत होतं. अ‍ॅपलने त्याच महिन्यात iOS 11.2.6 मध्ये दुरुस्ती दिली.

काय राहिलंय

आता उणिवा, कारण दुसरा ईमेलही निर्दोष नाही.

एक, उपकरणाच्या यादीत विंडोज आहे, क्रोम आहे, पण लॅपटॉपवर कोणता मराठी कीबोर्ड होता ते नाही. जोडक टाकत होता तोच. क्रमांक दिल्यामुळे या वेळी निभावलं, नाहीतर पुन्हा एक आठवडा गेला असता. उपकरणाची माहिती भरताना आपण सवयीने मॉडेल आणि आवृत्ती लिहितो. मजकुराचा दोष असेल तर कीबोर्ड लिहा, जागेचा दोष असेल तर जीपीएस चालू होतं का ते लिहा, फोटो चढत नसेल तर फाइलचा आकार आणि नेटवर्क लिहा. मजकूर तयार होण्यात ज्याचा हात आहे ते उपकरण.

दोन, नुकसान किती आणि कधीपासून, हे ईमेलमध्ये नाही. डेव्हलपरला हा एका शब्दाचा किरकोळ दोष वाटू शकतो. ‘शेतकऱ्यांनी’, ‘नवऱ्याने’, ‘झऱ्यापाशी’, ‘वाऱ्याने’ अशा सगळ्या शब्दांना हा लागू होतो, आणि जुन्या नोंदी बिघडलेल्या आहेत, हे एका वाक्यात यायला हवं होतं. शिवाय मूळ मजकुराचा बॅकअप आहे का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

तीन, आणि ही मी सगळ्यात गंभीर मानते. पहिल्या ईमेलमधल्या पूर्ण स्क्रीनच्या स्क्रीनशॉटमध्ये माहिती देणाऱ्या बाईंचं नाव आणि गाव स्पष्ट दिसत होतं. संमतीपत्रात आपण त्यांना लिहून दिलंय की नाव बाहेर जाणार नाही. डेव्हलपरकडे ते गेलं, तिथून कुठल्या टिकेटिंग यंत्रणेत चढलं असेल तेही माहीत नाही. दुसऱ्या ईमेलमध्ये त्याने चित्रं कापून पाठवली, खरं तर आकार कमी व्हावा आणि भामरागडच्या नेटवर्कवर जावीत म्हणून. पण कापण्याचं मुख्य कारण हे असायला हवं होतं. चाचणीसाठी खरी नोंद वापरूच नका, ‘चाचणी’ नावाची खोटी नोंद करा आणि तिचा स्क्रीनशॉट घ्या.

पुढे काय झालं

डेव्हलपरने दुसऱ्याच दिवशी पायऱ्या करून बघितल्या, दोष उमटला. कोडमध्ये ही ओळ सापडली:

```js
text.replace(/[\u200B-\u200D\uFEFF]/g, "")
```

कोणीतरी कुठूनतरी आणून चिकटवलेला, ठिकठिकाणी सापडणारा तुकडा आहे हा. अदृश्य अक्षरांमुळे शोधात गोंधळ होतो, म्हणून ती गाळायची. इंग्रजीत काही बिघडत नाही. पण त्या पल्ल्यात 200D येतं, आणि मराठीत ते अर्थ वाहतं. त्याने जोडक गाळणं बंद केलं. नव्या नोंदी बरोबर यायला लागल्या.

जुन्या मात्र परत आल्या नाहीत. कच्च्या मजकुराचा बॅकअप नव्हता. सगळे ‘र्य’ शोधून ‘ऱ्य’ करावेत म्हटलं तर ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘पर्याय’ हे शब्द बिघडतील. ‘दर्या’ हा शब्दही खराच आहे, त्यामुळे शब्दकोशाशी ताडून चालणार नाही. जी माहिती गाळली गेली ती मजकुरातून पुन्हा काढता येत नाही, वाक्य वाचून माणसानेच ठरवावं लागतं. ज्युनिअरने लॅपटॉपवरून भरलेल्या नोंदी एकेक काढल्या, वहीशी ताडल्या आणि हाताने सुधारल्या. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. वह्या होत्या म्हणून तीनच.

तुमच्या साइटवर ‘शेतकर्यांना’ असं दिसलं तर आता तुम्हाला माहीत आहे की ते लिहिणाऱ्याचं अशुद्धलेखन असेलच असं नाही. शब्द कॉपी करा, क्रमांक काढा, आणि मग ईमेल लिहायला घ्या.